शब्दचर्चा: होस्टिंगवाल्यांची 'बँडविड्थ' म्हणजे रुंदी की वजन?

निवृत्त_हेडमास्तर

नमस्कार मंडळी. आमचं गाव भोर तालुक्यातलं. गावच्या वाचनालयाची एका पानाची वेबसाइट भाच्याने करून दिली होती. भाचा नोकरीनिमित्त बंगळूरला गेला आणि कारभार माझ्या गळ्यात आला. होस्टिंगच्या पावतीवर चार ओळी आहेत, जशाच्या तशा देतो:

```
Storage: 2 GB
Bandwidth: 10 GB / month
Uptime: 99.9%
Control Panel: cPanel
```

रविवारी, 1 तारखेला, वार्षिक कार्यक्रमाचे 12 फोटो पानावर चढवले आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली. मंगळवारी सकाळी साइट बंद. पांढऱ्या पानावर एवढंच: `509 Bandwidth Limit Exceeded`. शब्दकोशात बँडविड्थ पाहिली तर 'पट्ट्याची रुंदी'. आता पट्टा कुठला, त्याची रुंदी संपते कशी, आणि दोन दिवसांतच कशी संपली? स्टोरेजमध्ये तर जेमतेम 60 एमबी भरलंय म्हणे. या चारही शब्दांचा अर्थ कुणी साध्या मराठीत सांगेल का? आणि रोज वापरता येतील असे प्रतिशब्द आहेत का?

अर्धा_कप

सर, बँडविड्थ म्हणजे स्पीड. प्लॅन स्वस्तातला असला की स्पीड कमी मिळतो. एकदम जास्त लोक आले, सर्व्हर दमला, साइट पडली. 'अनलिमिटेड बँडविड्थ'वाला प्लॅन घ्या, विषय संपला.

पोहे_विदाउट_शेंगदाणे

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात बँडविड्थ म्हणजे माणसाची फुरसत. "या आठवड्यात मला बँडविड्थ नाही" म्हटलं की समोरच्याने काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं. माझी तर कायमच 509 असते.

तारवाला

मी महाप्यातल्या एका डेटा सेंटरात काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. अर्धा_कप, तुम्ही शब्दाचा मूळ अर्थ सांगताय. मास्तरांच्या पावतीवर त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

शब्द रेडिओतून आला. एखादा संदेश लहरींचा जेवढा पट्टा व्यापतो, ती त्याची बँडविड्थ. पट्टा रुंद असला की त्याच वेळात जास्त माहिती बसते. पुढे संगणकाच्या तारांनाही तोच शब्द लागला आणि सेकंदाला किती बिट जातात, याला लोक बँडविड्थ म्हणू लागले. इथवर अर्धा_कप बरोबर.

पण पावतीवर `10 GB / month` आहे. महिन्याला! वेग कधी महिन्यावर मोजतात का? होस्टिंगवाला सांगतोय की तुमच्या साइटवरून महिनाभरात एकूण 10 जीबी माल बाहेर जाऊ देईन. ही रुंदी नाही, बेरीज आहे. खरं म्हणजे तिथे 'डेटा ट्रान्सफर' लिहायला हवं, आणि काही जण तसं लिहितातही. पण बाजारात बँडविड्थ रुळलाय.

घरचं वीजबिल काढा. त्यावर 'मंजूर भार' किलोवॉटमध्ये असतो आणि वापरलेली वीज युनिटमध्ये. मंजूर भार म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती ओढू शकता. युनिट म्हणजे महिन्याभरात एकूण किती जाळलीत. मूळ बँडविड्थ म्हणजे मंजूर भार. होस्टिंगची बँडविड्थ म्हणजे युनिटं. मास्तर, तुमची युनिटं संपली, तार तशीच आहे. सर्व्हर दमलेला नाही. त्याला हुकूमच तसा आहे, की आकडा गाठला की दार लावून पाटी टांग.

निवृत्त_हेडमास्तर

वीजबिलाने डोक्यात प्रकाश पडला. पण एक सांगा, 10 जीबी दोन दिवसांत गेले कसे? सगळी साइटच 60 एमबीची आहे ना? तीच तर लोकांनी पाहिली.

तारवाला

मास्तर, तीच साइट, पण प्रत्येकाने स्वतःसाठी नवी प्रत उचलली. 12 फोटो फोनवरून थेट चढवलेत ना? प्रत्येकी किती एमबीचे?

निवृत्त_हेडमास्तर

आत्ता पाहिलं. साधारण 4 एमबीचा एक. पण पानावर तर ते छोटे दिसतात, काडेपेटीएवढे. भाच्याने लिहून ठेवलेल्या ओळीत मी फक्त फाइलचं नाव बदलतो:

```
<img src="photo1.jpg" width="300">
```

तारवाला

सापडलं. `width="300"` ही सूचना वाचकाच्या ब्राउझरला आहे: फोटो 300 पिक्सेल रुंद दाखव. ती अमलात येते फोटो तिकडे पोचल्यावर. तुमच्या सर्व्हरवरून निघतो तो अख्खा 4 एमबीचा. पोतंभर तांदूळ पाठवायचे आणि तिकडे वाटीभरच ताटात वाढायचे, असं चाललंय.

आता हिशेब. 12 गुणिले 4, म्हणजे पान एकदा उघडलं की 48 एमबी. 10 जीबी म्हणजे ढोबळ 10,000 एमबी. भागलं की 208. दोनशेआठ वेळा पान उघडलं की महिन्याचा कोटा खलास. ग्रुपवर माणसं किती?

निवृत्त_हेडमास्तर

230. शिवाय मुंबई-पुण्याच्या मंडळींनी आपापल्या ग्रुपवर पुढे पाठवलं असणार. म्हणजे साइट मीच पाडली म्हणायची!

तारवाला

त्यात एक सूट असते. एकाच फोनवर पान दुसऱ्यांदा उघडलं तर बहुतेक वेळा फोटो फोनमध्येच जपून ठेवलेले असतात, परत जात नाहीत. म्हणून 208 म्हणजे वेगवेगळे फोन धरा. तुमच्याकडे तेवढे सहज झाले.

उपाय: फोटो चढवण्याआधी कुठल्याही फोटो ॲपमध्ये रुंदी 1600 पिक्सेलवर आणा. फाइल साधारण 300 केबीच्या आसपास येते आणि मोबाइलवर फरक कळत नाही. मग पान 3.6 एमबीचं होईल आणि त्याच 10 जीबीत पावणेतीन हजारांहून जास्त वेळा उघडेल. प्लॅन बदलायची गरज नाही. मात्र आज फोटो लहान केले म्हणून साइट आज उघडणार नाही, कारण गेलेले 10 जीबी गेलेच. एकतर पुढच्या 1 तारखेची वाट पाहा, नाहीतर होस्टिंगवाल्याला मर्यादा थोडी वाढवून मागा.

अर्धा_कप

म्हणूनच म्हणतोय, अनलिमिटेड घ्या. मी घेतलंय. शिवाय 100 एमबीपीएसची लाइन, म्हणजे सेकंदाला 100 एमबी.

तारवाला

सेकंदाला साडेबारा एमबी. एमबीपीएसमधला बी बिटचा, आणि आठ बिटांचा एक बाइट. मास्तरांचं ते 48 एमबीचं पान 100 एमबीपीएसच्या लाइनवरही जवळजवळ चार सेकंद घेईल, आणि गावातल्या फोनवर किती ते मास्तरच सांगतील.

अनलिमिटेडचं म्हणाल तर अटींच्या पानावर 'फेअर यूज' हे शब्द शोधा. तिथे बहुधा लिहिलेलं असतं की एकाच मशिनवरच्या इतर ग्राहकांना त्रास होईल एवढा वापर चालणार नाही. मग जीबी मोजत नाहीत, पण प्रोसेसर आणि मेमरी मोजतात, आणि तिथे अडवतात. थाळी अमर्यादित असली तरी वाढपी किती वेळा फिरकतो ते बघायचं.

कोशकिडा

वाढपी! सर्व्हरला याहून चांगला मराठी शब्द मी ऐकलेला नाही. आणि होस्ट म्हणजे यजमान. पण मराठीत यजमान हा भारी शब्द आहे. क्रिकेटचा यजमान संघ, पूजेला बसलेला यजमान, आणि "आमचे यजमान बाहेर गेलेत" मधले यजमान. होस्टिंग कंपनीला यजमान म्हटलं तर घरोघरी गोंधळ होईल.

मूळ मुद्द्याकडे येतो. मास्तर, तुम्ही हेडमास्तर होतात, म्हणजे शाळेत आवक-जावक नोंदवही असणार. होस्टिंगच्या बँडविड्थला मी 'जावक' म्हणेन. 'पट्टरुंदी' वगैरे शब्द तारेच्या वेगाला ठेवा. "महिन्याची जावक 10 जीबी" म्हटलं की आणखी समजावून सांगावं लागत नाही.

निवृत्त_हेडमास्तर

वा! तीस वर्षं जावक क्रमांक टाकले. कपाटात फाइल एकच, पण तिच्या नकला चाळीस शाळांना गेल्या तर जावकमध्ये चाळीस नोंदी. कपाट म्हणजे स्टोरेज, नोंदवही म्हणजे बँडविड्थ. आता कुणीही विचारू दे.

तारवाला

कोशकिडा, शब्द आवडला, फक्त एक खुसपट. होस्टिंगचा कारभार जिथून चालतो त्या कंट्रोल पॅनलमधल्या `Bandwidth` पानावर वेबसाइटबरोबर ईमेलची आणि फाइली चढवायच्या एफटीपीची वाहतूकही मोजलेली दिसते, आणि त्यात थोडी आवकही येते. पण साध्या साइटसाठी जावक चालेल.

मालवणी_मीठ

माझां वेगळाच झाला होता, इथेच सांगतंय. आमचा तारकर्लीला होमस्टे. एक दिवस बुकिंगचे मेल यायचे बंद. पाठवणाऱ्याला उत्तर जात होतं की मेलबॉक्स भरला. बघते तर प्लॅनमध्ये 5 जीबी स्टोरेज आणि वेबसाइट 700 एमबीची. मी होस्टिंगवाल्याशी तासभर भांडले की जागा रिकामी आहे. हा पण बँडविड्थचाच प्रकार का?

तारवाला

नाही ताई, हे कपाटाचं प्रकरण. साइटच्या फाइली, डेटाबेस, ईमेल आणि पॅनलमधून घेतलेले बॅकअप, सगळे त्याच 5 जीबीत राहतात. पाहुण्यांनी आधार कार्डांचे फोटो मेलवर पाठवले असतील तर ते कायमचे तिथेच. पॅनलमध्ये `Email Disk Usage` उघडलंत तर कुठल्या खात्यात किती साठलंय ते कळेल. आणखी एक, प्रत्येक मेल-खात्याला स्वतःची वेगळी मर्यादाही घातलेली असू शकते. तेव्हा एकूण जागा रिकामी असूनही एक खातं भरतं. तुमचं दोन्हींपैकी नेमकं काय झालं होतं ते आकडे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

मालवणी_मीठ

आधार कार्डांचं बरोबर ओळखलंत. चार वर्षांची सगळी तिथेच होती. ती काढली. पण तरी एकदा `Disk quota exceeded` आलं, जागा असूनही!

तारवाला

मग तिसरी मोजणी बघा. कपाटात जागा असते, पण फाइलींची संख्या संपलेली असते. प्रत्येक फाइलमागे एक नोंद लागते, तिला इनोड म्हणतात, आणि स्वस्त प्लॅनमध्ये त्या नोंदींनाही मर्यादा असते. बहुतेक सर्व्हरांवर प्रत्येक मेल ही स्वतंत्र फाइल असते. तुमची साइट वर्डप्रेसवर असेल तर एक मोठा फोटो चढवला की ते वेगवेगळ्या मापांच्या सात-आठ प्रती करून ठेवतं. पॅनलच्या बाजूच्या पट्टीत `File Usage` असा आकडा असेल तर तो बघा. नसेल तर होस्टिंगवाल्याला "इनोड किती झाले" एवढंच विचारा. तुम्हाला माहिती आहे असं त्याला वाटेल आणि उत्तर लवकर येईल.

कोशकिडा

स्टोरेजला 'साठवण' हा शब्द आहेच, साठवणीचं लोणचं म्हणतो तोच. पण बोलताना सगळे 'जागा' म्हणतात, आणि तेच बरं. इनोडला मात्र हात लावत नाही.

पोहे_विदाउट_शेंगदाणे

99.9 टक्के अपटाइमचं कुणी बोलेना. मला तर ते हापूसच्या पेटीवरच्या 'देवगड'सारखं वाटतं. प्रत्येक पेटीवर असतंच.

तारवाला

हा हा. आकडा खोटा नसतो, पण कशाचा आहे ते विचारायचं असतं. 30 दिवसांच्या महिन्यात 43,200 मिनिटं. त्यातला 0.1 टक्का म्हणजे 43 मिनिटं बंद राहिलं तरी वचन पाळलं. नुसतं 99 टक्के लिहिलं असेल तर 7 तास 12 मिनिटं. दशांशानंतरच्या त्या एका नवात एवढा फरक आहे.

आता मास्तरांची साइट मंगळवारपासून बंद आहे. अपटाइम कमी झाला का? नाही. मशीन चालू आहे, उत्तरही देतंय, फक्त ते उत्तर 509 आहे. आधी कळवून केलेली दुरुस्ती बहुतेक करारांत धरत नाहीत. डोमेनचं, म्हणजे साइटच्या नावाचं, नूतनीकरण विसरून साइट गेली तर तेही यात नाही. आणि वचन मोडलंच तर भरपाई म्हणजे त्या महिन्याच्या भाड्यातला काही भाग, तोही तुम्ही मागितलात तर. समजा भाडं 150 रुपये आणि परतावा 5 टक्के, तर हातात साडेसात रुपये. ताईंचं त्या दिवशीचं बुकिंग गेलं ते गेलंच.

अर्धा_कप

माझ्या सर्व्हरवर तर कमांड देऊन अपटाइम बघता येतो. हे बघा, 212 दिवस एकदाही बंद नाही:

```
$ uptime
 10:42:07 up 212 days,  3:15,  1 user,  load average: 0.31, 0.28, 0.25
```

तारवाला

इथेही एकाच शब्दाचे दोन अर्थ. ही कमांड सांगते की मशीन शेवटचं सुरू होऊन किती दिवस झाले. वेबसाइट त्या काळात दिसत होती की नव्हती, हे तिला माहीत नाही. वेबसर्व्हर दोन दिवस कोलमडलेला असला तरी इथे 212 च दिसेल. शिवाय मी तुमच्या जागी असतो तर 212 बघून जरा काळजीत पडलो असतो. लिनक्सच्या गाभ्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या सहसा मशीन पुन्हा सुरू केल्यावरच लागू होतात. त्या तुमच्याकडे चालू अवस्थेत लावायची सोय आहे का?

अर्धा_कप

बघतो. म्हणजे… विचारतो.

कोशकिडा

अपटाइमला 'चालूकाळ' सुचतो, पण कानाला सरकारी वाटतो. 'जागती वेळ' कसा? कंट्रोल पॅनलला 'नियंत्रण फलक' आहे, पण फलक म्हटलं की भिंतीवरची पाटी डोळ्यांसमोर येते.

पोहे_विदाउट_शेंगदाणे

जागती वेळ म्हणजे माझी नाइट शिफ्ट. नको.

निवृत्त_हेडमास्तर

कंट्रोल पॅनल मी काल पहिल्यांदा उघडलं. साइट बंद असली तरी ते चालू होतं, याचं आश्चर्य वाटलं. भाच्याने वहीत पत्ता लिहून ठेवला होता, शेवटी `:2083` असलेला. आत एवढी चित्रं की भीती वाटली. बँकेचं लॉकर, स्वयंपाकघर आणि मीटरची पेटी एकाच खोलीत असावी तसं.

तारवाला

ती खोली साइटचा भाग नाही, म्हणून साइट बंद असताना उघडते. सीपॅनल हे कंट्रोल पॅनलचं एक नाव आहे. प्लेस्क, डायरेक्टॲडमिन हेही पॅनलच. आपल्याकडे बिस्किटाला एकाच कंपनीचं नाव पडावं तसं लोक कुठल्याही पॅनलला सीपॅनल म्हणतात. तुम्हाला तूर्त दोनच जागा लागतील. `File Manager` मध्ये `public_html` नावाचा फोल्डर आहे, त्यात जे ठेवाल ते जगाला दिसतं. खाजगी कागद तिथे ठेवू नका. दुसरी जागा `Metrics` खाली `Bandwidth`. तिथे दिवसागणिक जावक दिसेल. बाकी चित्रांना हात लावू नका, विशेषतः `Zone Editor`. तिथे एक ओळ चुकली तर साइट आणि मेल दोन्ही गायब होतात.

मालवणी_मीठ

कंट्रोल पॅनलला 'मीटरपेटी' म्हणूया. मास्तरांनीच दिला शब्द.

कोशकिडा

मीटरपेटीत मीटर आला, पण फाइली कुठे ठेवायच्या? तरी 'नियंत्रण फलक'पेक्षा बरा. यादीत घेतो, प्रश्नचिन्हासकट.

निवृत्त_हेडमास्तर

कळवायचं राहिलं होतं. होस्टिंगवाल्याने विनंतीवरून या महिन्यापुरते 2 जीबी वाढवून दिले. फोटो 1600 वर आणून चढवले, सगळे मिळून साडेतीन एमबी झाले. साइट कालपासून उघडतेय. सांगितलंत तसं `Bandwidth` उघडून पाहिलं. दिवसभरात गावाने 190 एमबी नेले, ते समजलं. पण रात्री 2 ते 4 मध्ये आणखी 85 एमबी गेलेत. आमच्या गावात रात्री दोनला कुत्रीसुद्धा जागी नसतात. ही जावक कोणाच्या नावावर टाकू?

तारवाला

बहुधा यंत्रं असतील. शोध-इंजिनांचे आणि इतरांचे आपोआप पानं वाचणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात, आणि त्यांनी नेलेलंही तुमच्याच कोट्यातून जातं. दुसरी शक्यता अशी की कुणी तुमचे फोटो स्वतःच्या साइटवर थेट तुमच्या पत्त्यावरून दाखवत असेल. `Metrics` मध्येच `Visitors` आहे, त्यात त्या दोन तासांच्या ओळी बघा. प्रत्येक ओळीत आलेल्याने स्वतःचं जे नाव सांगितलं ते असतं. 'bot' असा शब्द आहे का ते पाहा आणि दोन-चार ओळी इथे टाका. नाव खोटंही सांगता येतं, तेव्हा लगेच कुणाला अडवू नका.

अर्धा_कप

मास्तर, परदेशस्थ गावकरी असतील हो. अमेरिकेत तेव्हा दुपार असते.

निवृत्त_हेडमास्तर

हो की! पाटलांचा धाकटा न्यू जर्सीला आहे. त्याला विचारतो, आणि त्या ओळीही बघतो.